एका पानाचा रेझ्युमे आणि ३१ क्लॅश

माझ्या यादीत तिच्या अर्जासमोर मी पहिल्यांदा "नाही" लिहिलं होतं, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं होतं. हे सगळं प्रकरण त्या प्रश्नचिन्हाचं आहे.

आमची आठ जणांची टीम गोदामातल्या मालसाठ्याच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. इंटर्नशिपची जागा एकच, मुदत आठ आठवड्यांची. जाहिरातीत अट स्पष्ट होती : तिसऱ्या वर्षाचे किंवा त्यापुढचे विद्यार्थी. अर्ज शंभराच्या वर आले. ही मुलगी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला, चौथं सत्र चालू. म्हणजे अटीतच बसत नव्हती. तिला विचारूनच हे लिहिते आहे. नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ही अट आम्ही का घालतो, तेही सांगते. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर बहुतेकांचा डेटाबेसचा विषय अर्धवट झालेला असतो, ऑपरेटिंग सिस्टीम सुरूही झालेली नसते, आणि ज्यात स्वतः निर्णय घ्यावे लागले असा प्रोजेक्ट क्वचित असतो. आठ आठवड्यांतले चार शिकवण्यात गेले तर आमच्या हाती काही उरत नाही. अट मोडता येत नाही असं नाही, पण मोडायला कारण लागतं.

कारण तिच्या ईमेलमध्ये होतं, आणि ईमेल सहा वाक्यांचा होता. मला आठवतो तो असा : "मी दुसऱ्या वर्षाला आहे, तुमची अट तिसऱ्या वर्षाची आहे हे वाचलं आहे. डेटाबेसचा विषय या सत्रात चालू आहे. जॉइनपर्यंत झालं आहे, ट्रान्झॅक्शन बाकी आहेत. तुमच्या जाहिरातीत वेगवेगळ्या ठिकाणांहून येणाऱ्या शीट्स स्वच्छ करण्याचं काम लिहिलं आहे. तसं एक छोटं काम मी आमच्या लॅबसाठी केलं आहे, लिंक खाली देत आहे. अट पक्की असेल तर एका ओळीत कळवलंत तरी चालेल."

"मला शिकण्याची आवड आहे" यात कुठेच नाही. काय येतं, काय येत नाही, आणि जाहिरातीतल्या कुठल्या ओळीशी आपलं काय जुळतं, एवढंच आहे. माझ्या "नाही"पुढचं प्रश्नचिन्ह या ईमेलमुळे आलं. "नाही" मात्र रेझ्युमेमुळे आलं होतं.

रेझ्युमे आला तसा

पान एकच, पण भरवलेलं. वर "गतिमान संस्थेत आव्हानात्मक भूमिका मिळवून कौशल्यांचा विकास करणे" छापाचं उद्दिष्ट. त्याखाली कौशल्यांच्या पट्ट्या : पायथन ८० टक्के, जावा ७० टक्के, मशीन लर्निंग ६० टक्के. या टक्केवारीचं काय करायचं ते मला आजवर कळलेलं नाही. पायथनचे उरलेले २० टक्के कुठले? मशीन लर्निंग तिने एका ऑनलाइन कोर्समध्ये तीन आठवडे पाहिलं होतं, ते प्रमाणपत्रही जोडलं होतं. मग विषयांची नावं ओळीने. मग तीन प्रोजेक्ट, या क्रमाने : लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम, टू-डू ॲप, आणि शेवटी एक ओळ : "लॅब स्क्रिप्ट : पायथन वापरून डेटा प्रोसेसिंग."

पहिल्या चाळणीत एका अर्जाला मी मिनिटभर देते, कधी त्याहून कमी. लायब्ररी मॅनेजमेंट त्या दिवशी मी अकरा वेळा वाचलं होतं. टू-डू ॲप किती वेळा ते मोजलं नाही. हे प्रोजेक्ट वाईट नसतात, पण ते अभ्यासक्रमातून किंवा व्हिडिओतून जसेच्या तसे येतात, आणि त्यावरून उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही. ईमेल आधी वाचला नसता तर तिसरी ओळ मी उघडलीच नसती. या पानावर तिने आपली सगळ्यात चांगली गोष्ट तळाला, सगळ्यात कमी शब्दांत ठेवली होती. कारण पुढे विचारलं तेव्हा म्हणाली, "ती फारच छोटी आहे ना, मॅडम. १८० ओळी. बाकीचे मोठे होते."

ती १८० ओळींची स्क्रिप्ट

त्यांच्या विभागात तीन लॅब आहेत. कुठल्या बॅचला कुठली लॅब कधी हवी, हे सगळे एका सामायिक शीटमध्ये लिहितात : लॅब क्रमांक, तारीख, सुरुवात, शेवट, नाव. कोणी कोणाचं बघत नाही, त्यामुळे दोन बॅच एकाच वेळी एकाच दाराशी उभ्या राहतात. तिच्या बॅचचं दोनदा असं झालं. तिने लॅब सांभाळणाऱ्या सरांना विचारलं, शीटची प्रत घेतली आणि क्लॅश शोधणारी स्क्रिप्ट लिहिली. कोणी असाइनमेंट दिली नव्हती, गुण नव्हते.

लिंक उघडल्यावर कोडच्या आधी मी नेहमी इतिहास बघते, `git log --oneline`. तिथे कोडमधल्या प्रत्येक बदलाची एक नोंद, म्हणजे कमिट, दिसतं. नवीन कमिट वर असतं, म्हणून खालून वर वाचायचं :

```
a41f9c2 touching slots are not a clash
7be0d13 add test: 10-11 and 11-12
c90e5aa skip rows with no room number
51d27f8 ask sir: what does "same" mean in end column
```

या चार ओळी वाचून मी खुर्चीत सरळ झाले. सगळ्यात खालची ओळ सांगते की शीटमध्ये शेवटच्या वेळेच्या रकान्यात कोणीतरी "same" लिहून ठेवलं होतं, आणि अंदाज न बांधता तिने जाऊन विचारलं. (उत्तर होतं : वरच्या ओळीत जी वेळ आहे तीच.) तिच्या वरची ओळ म्हणजे खऱ्या माणसांनी भरलेल्या शीटमध्ये रिकामे रकाने असतात, हे तिला कळलं. आणि वरच्या दोन ओळींचा क्रम बघा. आधी नापास होणारी चाचणी, मग दुरुस्ती. दुसऱ्या वर्षात हे कोणी शिकवलेलं नसतं.

ही दुरुस्ती काय होती ते मी भेटीत विचारलं. पहिल्यांदा स्क्रिप्ट २१२ नोंदींवर चालवली तेव्हा तिने ३१ क्लॅश दाखवले. ती यादी घेऊन सरांकडे गेली. ते म्हणाले, "इतके क्लॅश असते तर इथे रोज भांडणं झाली असती." परत येऊन तिने ३१ ओळी एकेक करून वाचल्या आणि दिसलं की बहुतेक जोड्या १० ते ११ आणि ११ ते १२ अशा आहेत. एकीचा शेवट तीच दुसरीची सुरुवात. मूळ कोडमध्ये तुलनेला `<=` होतं. ते असं झालं :

```python
def overlaps(a, b):
    return a.start < b.end and b.start < a.end
```

दोन चिन्हं बदलली आणि ३१ चे ७ झाले. मी विचारलं, हे बरोबर आहे हे कशावरून? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पायथनच्या `range(10, 11)` मध्ये ११ येत नाही ना, तसंच. सुरुवात धरायची, शेवट धरायचा नाही. नाहीतर अकराचा तो एक क्षण दोघांच्या नावावर पडतो." पुस्तकी व्याख्या तिला आठवत नव्हती. मला ती नकोच होती.

उरलेल्या ७ पैकी एक क्लॅश खरा नव्हता. कोणीतरी तारखेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहिला होता. दोन्ही आकडे बाराच्या आतले असले की ०३/०४ यातला महिना कुठला हे यंत्राला सांगता येत नाही. तिला ते सोडवता आलं नाही, आणि `README.md` मध्ये "माहीत असलेल्या त्रुटी" या मथळ्याखाली तिने हे सरळ लिहून ठेवलं होतं. त्याखाली आणखी एक : रात्री बाराच्या पलीकडे जाणारी नोंद चुकते, कारण शेवट सुरुवातीच्या आधीचा दिसतो. आपल्या कोडची चूक आपणच लिहून ठेवणारा विद्यार्थी माझ्या बघण्यात फार कमी येतो. बहुतेकांना वाटतं, त्याने गुण कापले जातील.

सरांना मात्र काळ्या खिडकीत कमांड टाइप करायला नको होती. त्यांना सोमवारी सकाळी छापलेला एक कागद हवा होता : कोणती लॅब, कधी, आणि कोणाला फोन करायचा. म्हणून तिने डबल-क्लिकने चालणारी फाइल करून दिली आणि छापायला सोपा तक्ता काढला. कोडच्या दृष्टीने हा अर्ध्या दिवसाचा भाग आहे. पण स्वतःहून काम करणं म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी हाच भाग दाखवते. तिने जी वस्तू केली ती कोणीतरी वापरली, त्याची कुरकूर ऐकली, आणि कुरकुरीप्रमाणे वस्तू बदलली. दहा प्रमाणपत्रांत हे दिसत नाही.

अभ्यासक्रमाला किती वजन

रेझ्युमेवर विषयांची नुसती नावं होती. ती वाचून मला काही मिळत नाही, कारण दुसऱ्या वर्षाला असलेल्या सगळ्यांकडे तीच नावं असतात. म्हणून मी एकच प्रश्न विचारते : गेल्या दोन सत्रांतली कुठली असाइनमेंट अजून लक्षात आहे?

तिने डेटा स्ट्रक्चर्समधलं एक सांगितलं. स्वतः ॲरे वाढवत न्यायचा होता, तयार मिळणारा वापरायचा नव्हता. तिने जागा संपली की १० ने वाढवायची असं लिहिलं. एक हजार घटकांना ठीक चाललं, एक लाखाला प्रोग्रॅम अडकल्यासारखा झाला. तिने कागदावर हिशेब मांडला : दर १० घटकांनंतर आधीचे सगळे पुन्हा नव्या जागी उतरवायचे, म्हणजे १० अधिक २० अधिक ३०, असं करत एक लाखापर्यंत सुमारे ५० कोटी वेळा उतरवणं होतं. दरवेळी दुप्पट केलं तर तीच बेरीज दोन लाखांच्या आत राहते. "वर्गात हे सांगितलं होतं," ती म्हणाली, "पण खरं वाटलं नव्हतं."

यातला एक शब्दही रेझ्युमेवर नव्हता. मी विचारलं, का नाही? "ती तर नुसती असाइनमेंट होती." इथे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी हमखास फसतात. त्यांच्या रेझ्युमेवर लिहायला नोकरी नाही, स्पर्धा नाही, पदवी नाही. आहे ते हेच, आणि तेच ते गाळतात.

गणिताच्या एका विषयात ती जेमतेम पास झाली होती, ते गुणपत्रिकेत दिसत होतं. विचारलं तेव्हा म्हणाली, पहिल्या सत्रात सराव केला नाही, पुढच्या सत्रात त्याच धर्तीचा विषय होता त्यात बरे गुण आहेत. बरे होतेच. आम्ही पुढे गेलो.

कागदावरचा अर्धा तास

भेटीत मी कोडी घालत नाही. उमेदवाराचाच प्रोजेक्ट घेते आणि तो थोडा ताणून बघते. तिला विचारलं, "२१२ च्या जागी एक लाख नोंदी असत्या तर?"

तिची स्क्रिप्ट एका लॅबच्या प्रत्येक नोंदीची बाकी प्रत्येकीशी तुलना करत होती. २१२ नोंदी एकाच लॅबच्या धरल्या तरी २२,३६६ जोड्या होतात. तेवढं यंत्राला काहीच नाही. एक लाखाला तिने हिशेब केला : "साधारण ५०० कोटी. नाही चालणार." मग म्हणाली, आधी सुरुवातीच्या वेळेनुसार क्रम लावते आणि फक्त शेजारच्या शेजारशी तपासते. डेटा स्ट्रक्चर्समधलं सॉर्टिंग इथे आपोआप आलं, मी सुचवलं नव्हतं.

पण हे उत्तर अपुरं आहे. मी कागदावर तीन नोंदी लिहिल्या : ९ ते १२, १० ते १०:३०, ११ ते ११:३०. म्हटलं, तुझ्या पद्धतीने तपास. पहिली आणि दुसरी, क्लॅश. दुसरी आणि तिसरी, नाही. तिने पेन खाली ठेवलं. मग तिसरीवरून पहिलीकडे बोट नेलं. "हिचा हिच्याशी आहे, आणि मी तो सोडला." बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. घाई करून इथे मदत करायचा मोह होतो, तो आवरावा लागतो. मग म्हणाली, "लगेच मागची नोंद नाही बघायची. आतापर्यंत सगळ्यात उशिरा संपणारी कुठली, ती लक्षात ठेवायची, आणि नवी ती संपण्याआधी सुरू होत असेल तर क्लॅश."

बरोबर. मी पुढे जाणार तेवढ्यात तिनेच थांबवलं. "पण मॅडम, यातून तिसरी नोंद कोणाशी तरी भिडते एवढंच कळेल. ज्यांच्या ज्यांच्याशी भिडते ते सगळे कळणार नाहीत." आणि जरा थांबून, "सरांना चालेल ते. त्यांना फोन कोणाला करायचा एवढंच हवं असतं."

माझ्या मते निवड इथे झाली. पहिलं उत्तर चुकल्याचं मला वावडं नाही, दुसऱ्या वर्षाला असताना माझंही चुकलं असतं. पण चूक समोर आल्यावर तिने आपल्या उत्तराचा बचाव केला नाही, दुरुस्त उत्तराची मर्यादा स्वतः शोधली, आणि ती मर्यादा वापरणाऱ्याच्या गरजेशी ताडून पाहिली.

जिथे ती जवळजवळ गेली

रेझ्युमेवर सगळ्यात वर असलेली लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम चौघांची होती. तिने लिहिलं होतं : "संपूर्ण सिस्टीम विकसित केली." गट-प्रोजेक्ट दिसला की मी `git shortlog -sn` चालवते, कोणाच्या नावावर किती कमिट आहेत ते त्यात येतं. ४१ पैकी तिचे ३ होते.

कमिटची संख्या म्हणजे काम नव्हे, हे मला माहीत आहे. दोघं एका यंत्रावर बसून काम करतात, कोणी सगळं एकदम चढवतं. म्हणून मी आरोप न करता विचारलं, यात तुझा भाग कुठला?

ती लाल झाली. म्हणाली, टेबलांची रचना तिची : पुस्तक आणि पुस्तकाची प्रत ही दोन वेगळी टेबलं हवीत हे तिने गटाला पटवलं होतं, कारण एका पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर कुठली बाहेर गेली ते नुसत्या पुस्तकाच्या टेबलावरून कळत नाही. कोड मुख्यतः इतर दोघांचा. मग ते तसंच का लिहिलं नाहीस? "सगळे असंच लिहितात."

खरं आहे, सगळे असंच लिहितात. पण आमच्या टीम लीडने याच मुद्द्यावर नकार सुचवला होता, आणि त्याचं अगदीच चुकत नव्हतं. प्रत आणि पुस्तक वेगळं करणं हा चांगला निर्णय आहे, ती एक ओळ खरी लिहिली असती तर प्रश्न आलाच नसता. सातशे ओळी आपल्या नावावर ओढून तिने स्वतःची एक चांगली ओळ झाकली.

दुसरा उमेदवार

शेवटी दोघं उरले. दुसरा तिसऱ्या वर्षाचा, अटीत बसणारा. तीन मोठे प्रोजेक्ट, दिसायला देखणे. एकात ६,००० ओळी एकाच कमिटमध्ये आल्या होत्या. त्यावरून उचलेगिरी ठरवणं अन्यायाचं, म्हणून त्यालाही तसंच विचारत गेलो. वेब फ्रेमवर्क त्याला तिच्याहून कितीतरी जास्त येत होतं. पण "हे असं का केलंस?" याला तीनपैकी दोनदा "ट्युटोरियलमध्ये तसं होतं" हे उत्तर आलं, आणि त्याचं काहीही कधी कोणी वापरलेलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे काम होतं ते वेगवेगळ्या गोदामांतून येणाऱ्या साठ्याच्या शीट्स आत घेण्याचं : चुकलेल्या तारखा, रिकामे रकाने, एकाच मालाची चार नावं. म्हणून तिला घेतलं. काम वेबच्या पडद्यांचं असतं तर मी त्याला घेतलं असतं, हे लिहायला हवं. तिचा रेझ्युमे त्याच्याहून सरस होता म्हणून निवड झाली असं नाही. तिची छोटी गोष्ट आमच्या कामाच्या जवळची होती, आणि ती जवळ आहे हे तिने ईमेलमध्ये स्वतः ओळखलं होतं.

निकाल कळवताना तिने विचारलं, रेझ्युमेत काय बदलू. मी म्हटलं, पट्ट्या आणि उद्दिष्ट काढ, लॅबची स्क्रिप्ट वर आण, आणि जे घडलं ते लिही. दुसऱ्या दिवशी तिने पाठवलं :

"लॅब-आरक्षणातले क्लॅश शोधणारी पायथन स्क्रिप्ट (एकटीने, १८० ओळी). २१२ नोंदींवर आधी ३१ क्लॅश दाखवले, लागून असलेल्या वेळांची चूक दुरुस्त केल्यावर ७. लॅबचे प्रमुख दर सोमवारी वापरतात. माहीत असलेल्या त्रुटी नोंदवल्या आहेत."

"लायब्ररी सिस्टीम (चौघांचा गट). माझा भाग : टेबलांची रचना, पुस्तक आणि प्रत वेगळी ठेवली."

"डेटा स्ट्रक्चर्स : वाढता ॲरे, १० ने वाढवणं आणि दुप्पट करणं यांची एक लाख घटकांवर तुलना."

टू-डू ॲप तिने आपणहून काढलं. पान अर्धं रिकामं राहिलं, त्याची तिला काळजी वाटत होती. मला नाही वाटली. या तीन नोंदींपैकी कुठलीही धरून मी वीस मिनिटं बोलू शकते.

निवडीत न दिसलेलं

दुसऱ्या आठवड्यात ती दोन दिवस अडकली आणि कोणाला सांगितलं नाही. सकाळच्या आढाव्यात "चालू आहे" म्हणायची. तिसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. एका गोदामाच्या शीटचा पहिला रकाना कोडला सापडत नव्हता. नाव डोळ्यांना अगदी तेच दिसायचं, तुलना मात्र खोटी यायची. ती फाइल एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून साठवलेली होती, आणि तशा फाइलच्या सुरुवातीला न दिसणारं एक चिन्ह असतं, `\ufeff`. ते पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटलं होतं. पडद्यावर दिसत नाही, पण `print(repr(name))` केलं की उघडं पडतं. उपाय एका शब्दाचा :

```python
open(path, encoding="utf-8-sig", newline="")
```

हे तिला माहीत नसणं साहजिक होतं, मलाही पहिल्यांदा कोणीतरी सांगितलंच होतं. पण दोन दिवस? विचारलं तर म्हणाली, "अट मोडून घेतलंत. वाटलं, विचारलं तर म्हणाल, म्हणूनच तिसरं वर्ष लागतं."

आमच्या निवडीत हे कुठेच तपासलं गेलं नव्हतं. भेटीत मी समोर बसलेली होते, शांतता मीच धरली होती आणि मीच मोडणार होते. लॅबच्या सरांकडे ती बिनधास्त गेली, कारण तिथे ती मदत करत होती. मदत मागायची वेळ आली की काय होतं, हे तिच्या कोडमध्ये किंवा कागदावर दिसणं शक्यच नव्हतं.

त्या दिवसापासून टीममध्ये एक नियम लावला, तिच्यासाठी वेगळा नको म्हणून सगळ्यांनाच : अर्धा तास अडकलात की तीन ओळी लिहायच्या. काय हवं होतं, काय झालं, काय करून पाहिलं. मग विचारायचं. तिचा असा पहिला संदेश तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी दुपारी आला. तीन ओळी होत्या, आणि चौथी : "अठ्ठावीस मिनिटं झाली आहेत, दोन मिनिटं आधी विचारते आहे, चालेल ना?"